ओला कोबा आणि बावीस नोव्हेंबर

व्हर्ना स्टुट्झमन आमच्या कंपनीत आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. त्याआधी दहा वर्षं ती शाळेची बस चालवायची. मी तिला ओळखायला लागलो तोवर ती पन्नाशी ओलांडून गेलेली होती आणि दक्षिण इंडियानातल्या अडतीस शाळांच्या क्रीडागृहांत तिने घातलेल्या मेपलच्या लाकडी जमिनीवर पोरं बास्केटबॉल खेळत होती. बोलायची कमी. गुडघ्यांवर पॅड बांधून एकदा खाली बसली की जेवणाच्या सुट्टीलाच उठायची, आणि उठताना गुडघे असे कडकन वाजायचे की शेजारचा दचकायचा. "घाबरू नकोस, लाकूड नाही, मीच आहे," असं ती म्हणायची.

मी ऑफिसात बसून कामांची वेळापत्रकं आखायचो. कोण कुठल्या गावी, कधीपासून कधीपर्यंत, कुठला माल कधी पोचणार, हे माझं काम. त्यामुळे बेथल क्रीकच्या शाळेचं जे काही झालं ते मी पहिल्या दिवसापासून पाहिलं.

बेथल क्रीक लहानसं गाव. नवं क्रीडागृह बांधायला त्यांना बारा वर्षं लागली होती. उद्घाटनाचा मुहूर्त ठरला होता बावीस नोव्हेंबर, शुक्रवार: हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर ती तारीख लागलेली होती. आमचा मॅनेजर क्लेटन वेंडल याने शाळेच्या मंडळाला शब्द दिला होता, की चौदा ऑक्टोबरला आम्ही जमीन घालायला घेऊ आणि बावीस नोव्हेंबरला त्यावर चेंडू उडेल.

कागदावर ते जमतही होतं. फळ्या घालायला नऊ दिवस, घासायला तीन, मग अस्तर, खेळाच्या रेघा आणि पॉलिशचे हात यांना पाच, आणि ते पॉलिश पुरतं कडक व्हायला दोन आठवडे. वेळापत्रक मीच आखलं होतं. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती. पावसाने बांधकाम रखडलं होतं. काँक्रीटचा कोबा जुलैच्या अखेरीस ओतला, पण वर छप्पर यायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. तोवर कोबा उघड्यावर भिजत पडला होता.

सात ऑक्टोबरला, सोमवारी, या कामाची मुकादम म्हणून व्हर्ना ओल मोजायला गेली. चार इंच जाडीच्या कोब्यात ठिकठिकाणी दीड इंचाहून थोडी खोल भोकं पाडायची, त्यात नळ्या बसवून तोंडं बंद करायची, एक अख्खा दिवस थांबायचं आणि मग शेकडा किती ओल आहे तो आकडा वाचायचा. मंगळवारी दुपारी तिने मला फोन केला.

"आर्लो, चौऱ्याण्णव."

"कुठल्या भोकात?"

"सगळ्यांत. एकही भोक कोरडं नाही."

फळ्या बनवणारी कंपनी पंच्याऐंशीच्या वर हमी देत नाही. मी म्हटलं, "क्लेटनला सांगितलंस?"

"सांगते. पण नुसता आकडा घेऊन गेले तर तो माझ्यावर ओरडेल, मी त्याच्यावर ओरडेन आणि कोबा ओलाच राहील. तू उद्या सकाळी लवकर ये. आपण आधी कागद तयार करू."

तिच्या या सावधपणामागे एक जुनी गोष्ट होती. बारा वर्षांपूर्वी एका चर्चच्या सभागृहात फळ्या घालायच्या होत्या. तेव्हाचा मुकादम लाइल हा तिचा गुरू. यंत्रावरचा आकडा जास्त आलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. लाइल म्हणाला, "चालतंय गं, तारीख गाठायची आहे," आणि ती गप्प बसली. फेब्रुवारीत फळ्यांच्या कडा वर आल्या, मग मधोमध जमीन तंबूसारखी फुगली. लाइलची नोकरी गेली. ती सगळी जमीन पहारीने उखडायला व्हर्नालाच पाठवलं होतं. सहा दिवस लागले. "घालायला जितका वेळ लागला ना, तितकाच उपटायला," एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

बुधवारी सकाळी सातला आम्ही ऑफिसात बसलो. तिने आल्या आल्या विचारलं, "आधी मला सांग, त्यांना नेमकं काय हवंय? जमीन हवीय की बावीस तारीख हवीय?"

"दोन्ही."

"बावीसला काय काय होणार आहे ते लिही."

मी लिहिलं. उद्घाटन, गावजेवण, नव्या दालनाची फीत कापणं, सामना. तिने पहिल्या तिन्हींवर बोट ठेवलं. "यांतल्या एकालाही माझी जमीन लागत नाही. दालन तयार असेल, कपडे बदलायच्या खोल्या तयार असतील, स्वयंपाकघर तयार असेल. अडतंय फक्त सामन्याचं. आता जुनं क्रीडागृह कुठाय?"

"उभं आहे. पण चार नोव्हेंबरला पाडायला घेणार. डूई राशेचं कंत्राट."

"मग डूईला फोन लाव."

डूई राशे हा पाडकामवाला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. मी भीतभीतच विचारलं की जुनी इमारत जानेवारीत पाडलीस तर तुला चालेल का.

"चालेल का म्हणजे?" तो गरजला. "मला तिकडं नदीपलीकडं धान्याची कोठारं पाडायचीयत, आणि तुमच्या शाळेपायी मी त्यांच्या मालकांना रोज टोलवतोय! पण ऐक, वीज-पाणी तोडायची तारीख शाळेने बदलून घ्यायची. आणि जानेवारीत माझ्या गाड्यांसाठी वाटेवरचा बर्फ त्यांनी काढायचा. मी फावडं घेऊन यायचो नाही."

"हे लिहून देशील?"

"आत्ता लिहून पाठवतो. शुद्धलेखन मात्र तू तपास."

नंतर व्हर्नाने उलटं मोजायला सुरुवात केली. आत ऊब नीट धरली आणि ओल शोषणारी मोठी यंत्रं लावली, तर आठवड्याला दीडेक आकडा उतरेल. अठरा नोव्हेंबरला पंच्याऐंशी. एकोणीसला फळ्या सुरू. मध्ये थँक्सगिव्हिंगचे दोन दिवस सुट्टी. तेरा डिसेंबरला पॉलिश संपेल, सत्तावीसला कडक होईल.

"म्हणजे सत्तावीसनंतर सामना," मी म्हटलं.

"नाही. तीन जानेवारी."

"मधला आठवडा कशाला?"

"काहीतरी चुकेल त्याच्यासाठी. काय चुकेल ते मला आज माहीत नाही, म्हणून तर आठवडा ठेवायचा."

तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. "आत ऊब कशाने देतायत? मी काल नारिंगी नळकांडी पाहिली, तोंडातून ज्वाळा येणारी."

"गॅसचे हीटर. कोबा लवकर वाळावा म्हणून मुख्य कंत्राटदाराने आठवडाभर लावून ठेवलेत."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! गॅस जळला की त्यातून वाफ निघते. धुराडं बाहेर नसलं की ती सगळी आतच. ते वाळवत नाहीयेत, पाणी घालतायत!"

नऊ वाजता क्लेटन आला. क्लेटन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो स्वतः कधीकाळी फळ्यांचे ट्रक चालवायचा. पण त्या वर्षी आमची दोन कामं उशिरा झाली होती आणि तिसरं उशिरा होऊ देणार नाही असं तो मालकांना सांगून बसला होता. व्हर्नाने आकड्यांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो नीट वाचला आणि दार लावून घेतलं.

"सोमवारी काम सुरू होतंय, व्हर्ना."

"सोमवारी सुरू केलं तर फेब्रुवारीत फुगेल."

"पंखे लावू."

"पंख्याने वरचा पापुद्रा वाळेल. खालचं पाणी खालीच राहील, आणि फळ्यांनी झाकलं की वर यायला बघेल."

क्लेटन दाराकडे एकदा बघून पुढे वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "भोकं इंचभरच पाडली तर? वरच्या थरात आकडा कमी येईल ना?"

"येईल. ऐंशीसुद्धा येईल. आणि तो कागद खोटा असेल. खाली मुकादमाची सही लागते, क्लेटन. ती मी करणार नाही."

"तू मला नाही म्हणतेयस?"

"चौदा तारखेला नाही म्हणतेय. कामाला नाही म्हणत नाहीये." तिने दुसरा कागद काढला. "हे बघ आधी. मग ओरड."

क्लेटन ओरडलाच. "मी त्या लोकांना शब्द दिलाय! अख्ख्या गावाला! तुला काय जातंय, तू गुडघे टेकून खाली बसणार. शिव्या मला खायच्यात!"

"म्हणून तर तुला आज सांगतेय. आज सांगितलंस तर त्यांच्या हातात सहा आठवडे आहेत. एकवीस नोव्हेंबरला कळलं तर हातात एक रात्र. आणि फेब्रुवारीत कळलं तर पहार."

पहार म्हटल्यावर तो थबकला. चर्चची गोष्ट त्यालाही माहीत होती. त्याने कागद ओढून घेतला, चष्मा लावला. बराच वेळ वाचत होता. डूईची चिठ्ठी वाचताना त्याच्या तोंडाचा कोपरा हलला.

"हा डूई 'जानेवारी' तीन वेळा तीन प्रकारे लिहितो."

"कबूल झालाय ना, मग झालं," व्हर्ना म्हणाली.

"तीन जानेवारी नक्की?"

"नक्की म्हणणार नाही. दर सोमवारी त्याच भोकांतला आकडा तुला पाठवीन, आणि शाळेलाही. अठरा नोव्हेंबरला पंच्याऐंशी आला नाही तर त्याच दिवशी सांगेन. पण एवढं तुला सांगते, या तारखेच्या मागे काम आहे. त्या तारखेच्या मागे नुसती इच्छा होती."

क्लेटनने चष्मा काढून डोळे चोळले. "संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. मी सांगायला लागलो तर त्यांना वाटेल, हा पुन्हा थापा मारतोय. तू चल."

"माझ्याकडे बरे कपडे नाहीयेत गाडीत."

"असूदे. गुडघ्याचे पॅड तेवढे काढून ये."

बैठक शाळेच्या वाचनालयात साडेपाचला होती. अध्यक्ष श्रीमती ऑटरबाख, सत्तरीच्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांनी अर्ध्या गावाला पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला नापास केलं होतं. शेजारी कोच स्टेम, मान लाल झालेला, कारण बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती. क्लेटन उभा राहिला आणि त्याने एक गोष्ट फार चांगली केली. कुणावर ढकललं नाही. "मी तुम्हाला जी तारीख दिली ती कोबा न तपासता दिली. चूक माझी आहे. जे जमण्यासारखं आहे ते व्हर्ना सांगेल."

व्हर्नाने कागद वाटले. तिने चर्चच्या जमिनीचं सांगितलं, गावाचं नाव न घेता. मग तारखा सांगितल्या.

कोच उसळला. "आमची शेवटच्या वर्षाची पोरं आहेत! पाचवीत असल्यापासून ऐकतायत, नव्या जागेत खेळाल, नव्या जागेत खेळाल. आता त्यांना काय सांगू, कोबा ओला आहे?"

"त्यांचे घरचे सामने किती?" व्हर्नाने विचारलं.

"दहा."

"त्यांतले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये?"

कोचने मनात मोजलं. "चार."

"म्हणजे चार जुन्या जागेत आणि सहा नव्या जागेत. माझं ऐकलं नाहीत तर पहिले चारही कदाचित नव्या जागेत होतील, आणि फेब्रुवारीत मी पहार घेऊन येईन. मग ना जुनी जागा, ना नवी. तेव्हा राज्य स्पर्धेचे सामने असतात ना?"

कोच खाली बसला. स्पर्धेच्या नावाने इंडियानात कुणीही खाली बसतो.

श्रीमती ऑटरबाख कागदावर पेन्सिलीने काहीतरी करत होत्या. त्या बेरजा तपासत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "हा सत्तावीस ते तीनमधला आठवडा कसला, बाई?"

"राखीव, मॅडम."

"चांगलं आहे. मुलं उत्तरपत्रिकेत तपासायला वेळ ठेवत नाहीत, तिथंच मार खातात." मग क्लेटनकडे वळून म्हणाल्या, "मिस्टर वेंडल, त्या ज्वाळावाल्या हीटरांचं काय लिहिलंय हे? ते आज बंद होणार की उद्या?"

"आज, मॅडम. इथून जाताना."

"मग मतदान घेऊ."

सात जणांपैकी सहांनी हात वर केले. सातव्याने केला नाही, कारण त्याच्या दुकानात तारीख छापलेले चारशे टीशर्ट पडून होते. कोच म्हणाला, "अरे, उद्घाटन बावीसलाच आहे की! विक सगळे." तेव्हा त्यानेही केला.

हीटर त्याच संध्याकाळी बंद झाले. मुख्य कंत्राटदाराने कुरकुर केली, पण धुराडं बाहेर काढलेली भट्टी आणि ओल शोषणारी चार यंत्रं आठवड्यात लागली. दर सोमवारी व्हर्नाचा आकडा यायचा. ब्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद. क्लेटन तो स्वतः शाळेत नेऊन द्यायचा. पहिल्या वेळी पडलेल्या चेहऱ्याने गेला. तिसऱ्या वेळी परत आला तो पर्सिमन फळाच्या पुडिंगचा डबा घेऊन. श्रीमती ऑटरबाखनी आकडे शाळेच्या दारातल्या फळ्यावर मांडायला सुरुवात केली होती, आणि मुलं पुढच्या सोमवारचा आकडा आधी ओळखायची पैज लावत होती.

अकरा नोव्हेंबरला गाडी अडली. आकडा आदल्या सोमवारइतकाच, सत्त्याऐंशी. व्हर्नाने इमारतीभोवती फेरी मारली. सामान आत घ्यायचं मोठं दार. खुर्च्या बसवणाऱ्यांनी विटा लावून ते शुक्रवारपासून उघडं ठेवलं होतं, आणि शनिवार-रविवार पाऊस झाला होता. तिने विटा लाथेने उडवल्या, दार लावलं, त्यावर मोठ्या अक्षरांत कागद डकवला आणि गाडीत बसूनच क्लेटनला फोन केला. मी त्याच्याच खोलीत होतो.

"तीन दिवस गेले," ती म्हणाली. "बावीसच्या आधी फळी पडणार नाही."

मला वाटलं आता स्फोट होणार. क्लेटनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "राखीवमध्ये बसतात?"

"बसतात. पण आता पुढं फारसं काही उरत नाही."

"शाळेला मी कळवतो. तू दारावर कुलूप लाव."

एकवीस तारखेला सगळ्या भोकांत पंच्याऐंशीच्या आत आकडा आला. व्हर्नाने सही केली. बावीसला सकाळी पहिली फळी पडली, आणि संध्याकाळी त्याच इमारतीत उद्घाटन झालं. दालनात दोनशे माणसं डुकराच्या मांसाचे सँडविच खात उभी होती आणि क्रीडागृहाच्या दाराच्या काचेतून आत बघत होती. फिकट रंगाच्या फळ्यांचा एक पट्टा भिंतीपासून पुढं आला होता, बाकी सगळा राखाडी कोबा. माणसं अशी रांग लावून बघत होती जणू आत सिंह ठेवलाय. मग सगळे पार्किंग ओलांडून जुन्या जागेत गेले आणि शाळेचा संघ अकरा गुणांनी जिंकला. म्हातारी माणसं म्हणाली, बरं झालं, जुन्या जागेला निरोप देता आला.

तीन जानेवारीला नव्या जमिनीवर पहिला सामना झाला. मी, क्लेटन आणि व्हर्ना वरच्या रांगेत बसलो होतो. ती खेळ बघतच नव्हती. चेंडू कुठे कसा वाजतोय ते ऐकत होती. कोपऱ्यापर्यंत सारखा आवाज आला तेव्हा कुठे तिने पॉपकॉर्न घेतलं. शाळेचा संघ दोन गुणांनी हरला. कोच स्टेम शिट्टी झाल्यावर वर आमच्यापर्यंत चढून आला. म्हणाला, "जमीन चांगलीय. आता त्यांना फ्री थ्रो घालायला कोण शिकवणार?"

"त्याला मी किती आठवडे लागतील ते सांगू शकत नाही," व्हर्ना म्हणाली.

मार्चमध्ये आमच्या ऑफिसात नवीन काम आलं, केंटकीच्या सीमेवरच्या एका कॉलेजचं. कॉलेजवाले फोनवर तारीख मागत होते, आजच्या आज. क्लेटनने फोनवर हात ठेवला आणि दारातून ओरडला, "आर्लो, व्हर्ना कुठाय? तिला म्हणावं, दोन दिवसांत तिथं जाऊन कोबा बघून ये." मग हात काढून फोनवर म्हणाला, "गुरुवारी सांगतो. नाही, त्याआधी नाही. गुरुवारी सांगेन ती तारीख मात्र खरी असेल."

व्हर्ना तेव्हा मागच्या अंगणात ट्रकमध्ये यंत्र चढवत होती. मी निरोप सांगितला. तिने मान हलवली, थर्मास भरून घेतला आणि दक्षिणेकडे निघाली.